एका ‘आणि’चा पंचनामा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याने जगात नाव काढलं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात डांबरी थराचं ७५ किलोमीटरचं काम १०५ तास ३३ मिनिटांत न थांबता झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या आठवड्यात वऱ्हाडात ज्याला त्याला एक वाक्य तयार मिळालं: ‘हा रस्ता वर्षानुवर्षं रखडला होता आणि पाच दिवसांत झाला.’ वाक्य ऐकायला झकास आहे. बोलणाऱ्याला त्यातून कौतुक करता येतं, ऐकणाऱ्याला टोमणा ऐकू येतो, आणि दोघंही एकमेकांशी सहमत आहोत असं समजून चहा संपवतात. पण बोलणाऱ्याला विचारून बघा की बाबा रे, नेमकं काय म्हणायचं आहे? रखडला होता ‘पण’ पाच दिवसांत झाला? रखडला होता ‘म्हणून’ पाच दिवसांत उरकावा लागला? की पाच दिवसांत होण्यासारखा होता, ‘तरी’ इतकी वर्षं रखडवला? ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. पहिल्यात आश्चर्य आहे, दुसऱ्यात स्पष्टीकरण, तिसऱ्यात चक्क आरोप. ‘आणि’ने तिघांनाही एकाच बाकावर बसवलं. या शब्दाचा स्वभाव एस.टी.च्या कंडक्टरसारखा आहे. कोण कुणाचा कोण लागतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो फक्त ‘सरका, सरका’ म्हणतो.

आता या वाक्याचे दोन तुकडे करून मधला दुवा शोधायला बसलं की गंमत सुरू होते. पहिला तुकडा: हा रस्ता वर्षानुवर्षं रखडला होता. कुठला रस्ता? चौपदरीकरणाचा सगळा प्रकल्प, म्हणजे भराव, पूल, मोऱ्या, जुना उखडून नवा पाया, ठेकेदार बदलणं, सगळं धरून. दुसरा तुकडा: पाच दिवसांत झाला. काय झालं? वरचा एक डांबरी थर. आणि ते ७५ किलोमीटरही एका पदराच्या हिशेबाने. दोन पदरी रस्त्याच्या भाषेत सांगायचं तर साडेसदतीस किलोमीटर. म्हणजे पहिल्या तुकड्याचा कर्ता एक, दुसऱ्याचा वेगळा, आणि ‘आणि’च्या आडोशाने दोघंही ‘रस्ता’ या एकाच नावाने हिंडत होते. तुकडे केल्यावर खरं वाक्य असं होतं: ‘या महामार्गाचं काम बरीच वर्षं रखडलं होतं. त्यातला डांबरी थराचा एक टप्पा मात्र विक्रमी वेळात झाला.’ ‘त्यातला’ आणि ‘मात्र’ या दोन शब्दांनी सगळं काम केलं. विक्रम कमी झाला का? मुळीच नाही. १०५ तास रात्रंदिवस डांबर अंथरणं ही मोठीच गोष्ट आहे. फक्त आता तो विक्रम ज्याचा आहे त्याच्याच नावावर राहिला, आणि दिरंगाई ज्याची आहे त्याच्या नावावर.

एवढ्यावरून माझा मुद्दा लक्षात यावा. दोन कल्पना ‘आणि’ने जोडलेलं वाक्य मोडून त्याची दोन करावीत हा सल्ला लोकांना शैलीचा वाटतो. लांब वाक्य दमवतं, आखूड वाक्य बरं, म्हणून तोडायचं. दमण्याचा प्रश्न इथे दुय्यम आहे. ‘आणि’ लिहिणाऱ्याला एक निर्णय टाळू देतो. दोन गोष्टी एकमेकींच्या कोण लागतात हे न ठरवताच त्याला पुढे जाता येतं. पूर्णविराम दिला की तो निर्णय समोर उभा राहतो आणि दुसऱ्या वाक्याचा पहिला शब्द काय लिहायचा, तिथे पेन अडतं. ते अडलेलं पेन हाच तोडण्याचा सगळा फायदा आहे. वाक्य आखूड होतं ही वरकड कमाई.

कुठला ‘आणि’ तोडायचा आणि कुठला सोडायचा, हे ओळखायला व्याकरणाची पदवी लागत नाही. दोन बाजूंची अदलाबदल करून बघावी. ‘भाकर आणि ठेचा’ उलटा केला तर ‘ठेचा आणि भाकर’ होतो, भुकेत फरक पडत नाही. हा सज्जन ‘आणि’, त्याला हात लावू नये. ‘अमरावती आणि अकोला’ हाही व्याकरणाच्या दृष्टीने सज्जनच. तो उलटा केल्यावर एका गावचे लोक नाराज होतील, पण तो दोष भाषेचा नाही. आता वर पहिल्याच परिच्छेदात मी एक ‘आणि’ मुद्दाम ठेवला होता: काम झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. उलटा करा. ‘गिनीज बुकात नोंद झाली आणि ७५ किलोमीटरचं काम झालं.’ हे वाक्य शासकीय कामकाजात अशक्य नाही, पण इथे ते खोटं आहे. उलटल्यावर जे वाक्य कोलमडतं किंवा खोटं ठरतं, त्याच्या ‘आणि’च्या पोटात दुसरा कुठला तरी शब्द दडलेला असतो. तो शोधायला चार शब्द एकामागून एक घालून बघावेत: मग, म्हणून, पण, कारण. एकच बसला तर तो ठेवावा. दोन बसले तर समजावं की लिहिणाऱ्याचं अजून ठरलेलं नाही. एकही बसला नाही तर त्या दोन गोष्टींचा काही संबंधच नाही, त्यातली एक काढून टाकावी. ही शेवटची सूचना फार कमी लोक पाळतात. सुचलेलं वाक्य सोडवत नाही, मग त्याला ‘आणि’ लावून कुठेतरी बसवून देतात.

हे सगळं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, आणि तेही नावानिशी. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. तिथपासून आजच्या स्पर्धा परीक्षांच्या गाइडांपर्यंत उभयान्वयी अव्ययांची तीच पलटण चालत आली आहे. आणि, व, शिवाय हे समुच्चयबोधक. किंवा, अथवा हे विकल्पबोधक. पण, परंतु हे न्यूनत्वबोधक. म्हणून, सबब हे परिणामबोधक. तलाठी भरतीची तयारी करणारा पोरगा झोपेतून उठवलं तरी ‘न्यूनत्वबोधक’ सांगेल. तोच पोरगा नोकरीला लागला की त्याच्या पहिल्या अहवालात न्यूनत्वबोधकाला प्रवेश नसतो. चाळीस ओळींत चाळीस समुच्चय असतात. ही नावं आपण पारिभाषिक म्हणून पाठ केली; तो निवडीचा तक्ता आहे हे कुणी सांगितलं नाही.

त्यातही वऱ्हाडी माणसाचं आश्चर्य वाटतं. बोलताना तो हे दुवे चोख वापरतो. पारावर बसलेला शेतकरी म्हणेल, ‘नाल्याचं पानी घुसलं, म्हून सोयाबीन पिवयं पडलं. पन इमा भरेल हाय, तं भेटीन काही.’ बघा, ‘म्हून’, ‘पन’, ‘तं’. कारण, विरोध आणि अपेक्षा, तिन्ही जागच्या जागी. कुणी मध्येच हटकलं तर ‘काऊन का’ म्हणून तो खुलासाही करेल. पण हाच माणूस तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलाशी बसला, समोर आखीव कागद आला, की प्रमाण मराठीच्या धास्तीने त्याचे सगळे दुवे गळून पडतात. ‘म्हून’ गावंढळ वाटतो, म्हणून तो जातो. ‘तं’ तर बोलूनचालून वऱ्हाडी. उरतो एकटा, धुतलेल्या कपड्यांतला ‘आणि’. मग जो अर्ज तयार होतो तो साधारण असा असतो. पीकविम्यात शेतात पाणी साचल्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची अट होती, अशा एखाद्या हंगामातला, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही गावचा हा अर्ज समजा:

‘माझी दोन हेक्टर शेती आहे आणि मी सोयाबीन पेरले होते आणि रविवारी रात्री मुसळधार पाऊस झाला आणि नाल्याचे पाणी शेतात शिरले आणि पीक पिवळे पडले आणि मी विमा भरलेला आहे आणि नाल्याचे खोलीकरण झालेले नाही आणि तरी मदत मिळावी ही विनंती.’

आठ क्रियापदं, सात ‘आणि’. त्यांपैकी एकही खोटं बोलत नाही, तरी अर्जाचा अर्थ भलतीकडे जातो. ‘पीक पिवळे पडले आणि मी विमा भरलेला आहे’ हे वाचून विमा कंपनीच्या माणसाला हुरूपच येईल, कारण पीक आधी पिवळं पडलं आणि विमा मागाहून भरला असाही त्याचा क्रम लागतो. ‘विमा भरलेला आहे आणि नाल्याचे खोलीकरण झालेले नाही’ यातून असं वाटतं की विम्याचा हप्ता नाला खोदण्यासाठी दिला होता. शेवटी ‘आणि तरी’. अर्जातला ‘तरी’ हा मराठीतला एक स्वतंत्र चमत्कार आहे. एरवी तो विरोध दाखवतो, अर्जाच्या शेवटच्या ओळीत मात्र तो ‘म्हणून’ होतो, आणि हे सगळ्या महाराष्ट्राला न शिकवता कळतं. त्याला राहू द्यावं. त्याच्या अलीकडच्या सात जणांची चौकशी करू.

पहिली पायरी: प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि त्याला आकडा द्यायचा. शेती आहे १, पेरले २, पाऊस झाला ३, पाणी शिरले ४, पिवळे पडले ५, विमा भरला ६, खोलीकरण नाही ७, मदत मिळावी ८. दुसरी पायरी: प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू कुणामुळे आलास? १ आणि २ ही नुसती ओळख आहे, ती एका वाक्यात राहू शकते: ‘माझ्या दोन हेक्टर शेतात सोयाबीन आहे.’ दोन क्रियापदांचं एक झालं, तोडायची गरजच पडली नाही. ४ हा ३ मुळे आला. ५ हा ४ मुळे आला असं अर्जदाराचं म्हणणं आहे, पण त्याने ते लिहिलेलंच नाही. आणि नेमकी इथेच सगळी मेख आहे.

कारण सोयाबीन पिवळं पडायला पाणीच लागतं असं नाही. पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक हा रोग आला तरी पानं पिवळी होतात. पाहणीला आलेला माणूस ‘पाऊस झाला आणि पीक पिवळे पडले’ हे वाचून बिनदिक्कत म्हणू शकतो की पाऊस झाला हे खरं, पीक पिवळं पडलं हेही खरं, पण हा तर रोग दिसतो. अर्जदाराने तरी कुठे म्हटलंय की पावसाने पडलं? ‘आणि’ने त्याला हा दरवाजा उघडा ठेवला. जाणकाराला शेतात फरक दिसतो. पाणी साचून पिवळं पडलेलं पीक खोलगट भागात पट्ट्याने दिसतं, आणि पिवळेपणा बहुधा खालच्या पानांपासून चढतो, कारण मुळांना हवा न मिळाल्याने झाडाला नत्र उचलता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली चिकण काळी माती पाणी लवकर खाली जाऊ देत नाही, तिथे तर हा प्रकार नेहमीचा. मोझॅक असेल तर शेतात इकडे एक झाड, तिकडे दोन झाडं, आणि वरच्या कोवळ्या पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाची ठिगळं. हा फरक अर्जात आणायचा तर ‘आणि’ पुरत नाही. त्याच्या जागी काहीतरी पाहिलेलं लिहावं लागतं. पाणी किती दिवस उभं होतं? शेताच्या कुठल्या अंगाला? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दुवा आपोआप तयार होतो.

तर बुधवारी सकाळी दिलेला अर्ज असा व्हायला हवा: ‘माझ्या दोन हेक्टर शेतात सोयाबीन आहे. रविवारी रात्रीच्या पावसाने नाल्याचे पाणी शेतात शिरले आणि शेताच्या पूर्वेकडील खोलगट भागात सोमवार-मंगळवार साचून राहिले. त्यामुळे त्या भागातील पीक पिवळे पडू लागले आहे. उंचावरील पीक हिरवे आहे. या पिकाचा विमा मी पेरणीनंतर मुदतीत भरलेला आहे, म्हणून ७२ तासांच्या आत ही सूचना देत आहे. तरी पाहणी करून भरपाई मिळावी ही विनंती.’ एक ‘आणि’ शिल्लक आहे. पाणी शिरलं आणि साचलं, त्याच पाण्याच्या दोन क्रिया, एकीनंतर दुसरी. त्याला नोकरीवरून काढायचं कारण नाही. ‘उंचावरील पीक हिरवे आहे’ हा तुकडा जुन्या अर्जात नव्हताच. ‘त्यामुळे’ लिहिल्यावर ‘कशावरून?’ हा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर म्हणून तो आला. सातवा मुद्दा, नाल्याच्या खोलीकरणाचा, इथून निघून गेला. तो विमा कंपनीचा विषय नव्हे, त्यासाठी वेगळा अर्ज वेगळ्या कचेरीत द्यावा लागेल. चार शब्द घालून पाहिले, एकही बसला नाही, म्हणून काढला. त्या दुसऱ्या अर्जाचं काय होतं ते पुढे पाहू.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की अशाने भाषा तुटक होईल. ‘पाऊस आला. पीक गेलं. विमा आहे. मदत द्या.’ ही काय मराठी झाली? नाही झाली. पण हा दोष तोडण्याचा नाही, अर्धवट तोडण्याचा आहे. इथे ‘आणि’ काढून त्याच्या जागी मौन ठेवलं. संबंध आधीही ठरलेला नव्हता, आताही नाही. फक्त आधी वाचक धापा टाकत होता, आता अडखळतो आहे. पूर्णविरामाने आपलं काम संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ ‘आणि’च ठेवावा, निदान वाक्य गुळगुळीत राहतं. उलट बाजूने, वाक्य लांब असणं हाही गुन्हा नाही. विनोदी लेखाला मराठीत घर मिळवून देणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्या वऱ्हाडातच वकिली करत होते. त्यांची वाक्यं लांबच लांब असतात, पण त्यांत ‘जरी’ असला तर ‘तरी’ येईपर्यंत वाचकाचा हात सुटत नाही. एका पक्षकाराला दोन्ही बाजू एका दमात समजावून सांगायची सवय असलेल्या माणसाला हे जमतं. बाकीच्यांनी पूर्णविरामाचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक असतो. आखूड वाक्यं ही वर्तमानपत्रांची, इंग्रजी वळणाची देणगी. आपल्या जुन्या मराठीला ती शोभत नाहीत, असं म्हणणारे सज्जन आहेत. त्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला एकदा जाऊन यावं, आता तर तिथे मराठी भाषेचं विद्यापीठही झालं आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते तेराव्या शतकात, याच परिसरात. मराठी गद्याच्या त्या पहिल्या मोठ्या ग्रंथात वाक्यं लहान आहेत. प्रसंग घडतो, कुणी विचारतं, स्वामी उत्तर देतात, आणि एका वाक्याचं बोट धरून दुसरं येतं ते ‘मग’, ‘तवं’ अशा शब्दांनी. इंग्रजाचा वऱ्हाडाशी संबंध यायला तेव्हा काही शतकं अवकाश होता. लांबलचक, ‘आणि’ने शिवलेलं वाक्य हीच आपली परंपरा, हे म्हणणं रिद्धपुरातच टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ‘आणि’ काढून ‘त्यामुळे’ लिहिलं की आपण एक दावा करतो, आणि दावा चुकू शकतो. ‘आणि’ निदान खोटं बोलत नाही. हे खरं आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचंच घ्या. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात कहर केला, आणि तेव्हापासून एक वाक्य कृषीविषयक भाषणांत फिरतं: ‘शेतकऱ्यांनी फरदड घेतली आणि बोंडअळी वाढली.’ इथे सरळ ‘त्यामुळे’ घातलं तर सगळी जबाबदारी शेतकऱ्याच्या डोक्यावर जाते. फरदडीने अळीला मदत होते यात शंका नाही. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून पाणी दिलं की उशिरापर्यंत हिरवी बोंडं मिळत राहतात, आणि ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगत असल्याने तिच्या खाण्यात खंड पडत नाही. पण बीटी वाणांतलं विष अळीने पचवायला शिकणं, त्या वाणांभोवती लावायच्या बिगरबीटी ओळी न लावणं, वेळेआधीची पेरणी, हीही कारणं तिथे आहेत. म्हणजे ‘त्यामुळे’ हा शब्द इथे जास्तीचा होतो. मग काय, ‘आणि’कडे परत जायचं? अजिबात नाही. ‘फरदडीत उशिरापर्यंत हिरवी बोंडं राहतात. त्यामुळे अळीला पुढच्या हंगामापर्यंत तग धरायला मदत होते.’ दावा लहान केला, दुवा तोच ठेवला. ‘आणि’ खोटं बोलत नाही हे खरं, पण ऐकणारा ते वाक्य ‘त्यामुळे’ असंच ऐकतो. आरोप झालेला असतोच; फक्त तो कुणी केला हे सिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा आपल्या तोंडाने बोलावं, तेवढंच बोलावं जेवढं धरून ठेवता येईल.

शिवाय दावा लिहिल्याने शेतकऱ्याला सल्लाही कळतो. ‘फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या बांधावर रचू नयेत’ हे दोन हुकूम झाले. पहिला पैशाला लागतो, दुसरा सरपणाला, तेव्हा दोन्ही मोडण्याकडेच माणसाचा कल. ‘या अळीचे कोष पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडून राहतात. म्हणून पऱ्हाट्या बांधावर रचू नयेत’ असं म्हटलं की हुकमाच्या मागे एक अळी दिसते. ज्याला सरपण लागतंच, तो निदान किडकी बोंडं झटकून, वेचून जाळेल. कारण माहीत असलेला माणूस हुकूम मोडतानाही अकलेने मोडतो. ‘आणि’ने त्याला ती सोय दिली नव्हती.

‘-ऊन’वाल्यांचंही थोडक्यात ऐकून घ्यायला हवं. मराठीला तोडण्यापेक्षा सांधणं जास्त आवडतं, ‘पाणी साचून पीक पिवळं पडलं’ यात ना ‘आणि’ ना पूर्णविराम, आणि अर्थ चोख, असं ते म्हणतात. कबूल. जिथे एक क्रिया दुसरीच्या पोटात जाते तिथे ‘-ऊन’ सरस आहे. पण तोही निष्पाप नाही. ‘ट्रॅक्टर घेऊन कर्जबाजारी झाला’ यात ट्रॅक्टरमुळे झाला की ट्रॅक्टरसकट, हे विचारावंच लागतं.

आता कचेरीच्या बाजूने बघू, कारण ‘आणि’चा खरा चाहता अर्जदार नव्हे, उत्तर देणारा आहे. ‘आपल्या अर्जाचा विचार करण्यात आला आणि तो नामंजूर करण्यात आला.’ या वाक्याच्या पहिल्या तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात उडी मारताना खाली जी दरी दिसते, तिचं नाव कारण. विचार केला, त्यात काहीतरी सापडलं असणार, त्या सापडलेल्या गोष्टीमुळे नामंजूर झालं असणार. ते सगळं ‘आणि’ने गिळलं. बरं, हे नुसतं सौजन्याचं प्रकरण नाही. निवाडा देणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने आदेशात कारणं नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एस. एन. मुखर्जी प्रकरणात सांगितलं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं द्या असं २००५ पासून बजावतं आहे. आपल्या जुन्या महसुली भाषेत याची सोयही होती. ‘ज्याअर्थी’ने हकीकत मांडायची, ‘त्याअर्थी’ने निर्णय द्यायचा. किंवा हकीकतीनंतर पूर्णविराम देऊन नवं वाक्य ‘सबब’ने सुरू करायचं. घरात सबब म्हणजे बहाणा, कचेरीत सबब म्हणजे म्हणून. पण तो शब्द लिहिला की त्याच्या मागे काहीतरी ठेवावंच लागतं, रिकामा ‘सबब’ कुणालाही दिसतो. रिकामा ‘आणि’ दिसत नाही. म्हणूनच फारसी शब्द जड वाटतात या निमित्ताने आधी ‘सबब’ गेला असावा आणि त्याच्यामागून कारणही.

उदाहरणार्थ, वरचा नकार असा लिहिता येतो: ‘पाहणीत शेताच्या उंच व खोल दोन्ही भागांतील झाडे विखरून पिवळी आढळली. हे लक्षण साचलेल्या पाण्याचे नसून पिवळ्या मोझॅकचे आहे. सबब, पाणी साचल्याबद्दलची मागणी मान्य करता येत नाही.’ अर्जदार यावर चिडेल, पण त्याला भांडायला जागा मिळेल. ‘उंचावरचं पीक हिरवं होतं, हे फोटो बघा’ असं तो अपिलात म्हणू शकेल. नेमकी हीच जागा नको असते म्हणून ‘आणि’ आवडतो. अधिकाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: रोज शंभर अर्ज निकाली काढणाऱ्याला शंभर कारणं शोधायला वेळ नसतो, आणि एकच मसुदा शंभर जणांना लावायचा तर त्यात कारण येऊन चालत नाही. ‘आणि’ शंभर जणांना फिट बसतो. पण मग निदान एवढं तरी समजून घ्यावं की त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात, ‘विचार करण्यात आला’ असं जे लिहिलं आहे, ते खरं नाही.

राहता राहिला नाल्याच्या खोलीकरणाचा तो दुसरा अर्ज. तो वेगळ्या कागदावर, वेगळ्या कचेरीत, व्यवस्थित दुवे लावून देण्यात आला. नाल्यात गाळ साचला आहे, त्यामुळे पात्र उथळ झालं आहे, म्हणून थोड्या पावसानेही पाणी शेतात येतं, तरी खोलीकरण व्हावं. एकाही जागी ‘आणि’ नाही. त्यावर येणारं उत्तर वऱ्हाडात कुणालाही तोंडपाठ असतं: ‘आपला अर्ज प्राप्त झाला आणि तो पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ हा ‘आणि’ तोडायचा प्रयत्न करून बघितला तर जमत नाही. ‘म्हणून’ बसत नाही, ‘पण’ बसत नाही, ‘कारण’ तर नाहीच; फार तर ‘मग’, म्हणजे नुसता क्रम. इथे तो अगदी निर्दोष आहे: अर्ज मिळण्याच्या आणि पुढे पाठवण्याच्या मधे खरोखरच कुणी कसलाही विचार केलेला नाही.